घड्याळाला चुकलेले ठोके

डिसेंबरात आमच्याकडे नाशिकला पहाटे हात इतके गार पडतात की चहाच्या कपाशिवाय बोटं वळत नाहीत. अशाच एका सकाळी मैदानाला तिसरी फेरी मारताना मनगटाकडे पाहिलं, तर घड्याळात हृदयाचे ठोके मिनिटाला १६४. वय बावन्न, आणि पळण्याचा वेग असा की शेजारून चालणारे आजोबा गप्पा मारत पुढे निघून जात होते. दम म्हणावा तसा लागला नव्हता, पण आकडा पाहिल्यावर लागला.

थांबले. मानेवर जबड्याखाली दोन बोटं टेकवली आणि पंधरा सेकंद मोजलं. एकतीस ठोके, म्हणजे मिनिटाला १२४. घड्याळ चाळीस ठोके वरचढ लावत होतं. हे चाळीस आले कुठून, याचा उलगडा नवऱ्याने केला, तोही उगाच. पुन्हा पळायला लागले तेव्हा ते मागून माझी पावलं मोजत होते. अर्ध्या मिनिटात ब्याऐंशी. दुप्पट केल्यावर १६४! घड्याळ माझं हृदय सोडून माझे बूट मोजत होतं.

भाच्याने नंतर ते घड्याळ उलटं करून दाखवलं. पाठीवर हिरवे दिवे आणि त्यांच्या शेजारी उजेड टिपणारा एक डोळा. रक्त हिरवा उजेड पिऊन टाकतं. ठोका पडला की त्वचेखाली रक्त क्षणभर वाढतं आणि परत येणारा उजेड तेवढा कमी होतो. ही चढउतार मोजायची, एवढंच त्याचं काम. पण घड्याळ सैल असेल तर प्रत्येक पावलाला ते हलतं, फटीतून बाहेरचा उजेड शिरतो, आणि ही पावलांची लय ठोक्यांच्या लयीपेक्षा ठळक होऊन बसते. मग घड्याळ बिचारं जे ठळक तेच धरतं.

"मामी, तुम्ही हे बांगडीसारखं घालताय," भाचा म्हणाला. खरंच होतं. तीस वर्षं घड्याळ मनगटाच्या हाडावर सैलसर खेळतं ठेवायची सवय, शेजारी दोन बांगड्या. हाडावर ते टेकत नाही, एका बाजूने उचललेलं राहतं. त्याने ते हाडापासून दोन बोटं वर, मऊ भागावर सरकवलं आणि पट्टा एक भोक आत घेतला. हलवलं तर कातडीही सोबत हलली पाहिजे, पण काढल्यावर खोल वळ उमटता कामा नये. करकचून आवळलं तर रक्तच दाबलं जातं आणि आकडा पुन्हा गडबडतो. पळताना एक भोक घट्ट, घरी आल्यावर एक सैल, हे तेव्हापासून चालू आहे. बांगड्या उजव्या हातात गेल्या.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी पहाटे आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा. गार हवेत हातातलं रक्त आतल्या बाजूला वळतं, त्यामुळे टिपायला फारसं उरत नाही, हे एक कारण. दुसरं कारण मीच तयार केलं होतं. थंडीत हात फुटतात म्हणून पहाटे मनगटाला खोबरेल चोळायचं आणि त्यावरच घड्याळ बांधायचं. काचेवर तेल, तेलावर घामाचं मीठ, वर कोरड्या कातडीची पांढरी भुकटी. उजेडात तिरकं धरलं तेव्हा तव्याच्या कडेला राहतं तसं कडं दिसलं. ओलसर मऊ फडक्याने पुसलं, कोरडं केलं. पट्ट्याची आतली बाजूही पुसली, कारण बहुतेक मळ तिथूनच काचेवर येतो. तेल आता रात्री. आणि कातडी फारच कोरडी वाटली तर मनगटावर पाण्याचं बोट फिरवते, मग काच कातडीला नीट बसते. पाच मिनिटं हात हलवून गरम केल्यावर रेघांच्या जागी ८८ आले. बोटांनी मोजले, तर सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच.

ही बोटांची मोजणी मी सोडलेली नाही. बसल्या जागी बोटांनाही ठोके भरभर किंवा अडखळत लागले, तर तो पट्ट्याचा प्रश्न नसतो. तेव्हा फडकं शोधत न बसता डॉक्टरांकडे जायचं.

परवा सासूबाईंनी हौसेने ते घड्याळ मागितलं. त्यांचं मनगट इतकं बारीक की शेवटच्या भोकातही ते लोंबत होतं. दोन रेघा आल्या. त्या चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी गेले वाटतं."

मी घड्याळ कोपराच्या दिशेने चार बोटं वर सरकवलं, जिथे हात जरा भरलेला आहे. हिरवा दिवा लुकलुकला. ७२.

"हं," म्हणाल्या, "आता काढ हे. देवाचं करायचंय अजून."