खाडीच्या नोंदी, भाग ९: हावरट ठिपका आणि हरवलेले रोहित

मागच्या भागात मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की काकांच्या वह्या टंकून झाल्या, फाइल तयार आहे, आता फक्त पक्षी आणि संख्या रेगेक्सने, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या भाषेने, वेगळ्या काढायच्या की तक्ता उभा. तो "फक्त" मला तीन आठवडे पुरला. काल रात्री साडेअकराला एकदाचा सुटला, म्हणून गरमागरम लिहून टाकते.

नव्यांसाठी एवढंच, की फाइल ४१८० ओळींची आहे आणि पक्ष्याचं नाव चौकटी कंसात, पुढे x आणि संख्या, ही पद्धत आपण भाग ४ मध्ये ठरवली होती. एक ओळ अशी:

```
ऐरोली, ओहोटी. [शेकाट्या] x45, [छोटा रोहित] x340, पुलाजवळ [खंड्या] x2
```

कंसातलं नाव पकडायला मी आधी साळसूदपणे `\w+` लिहिलं होतं. पायथॉनच्या `re` मध्ये `\w` ला अक्षर कळतं, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार कळत नाहीत. "शेकाट्या"तल्या पहिल्याच मात्रेला तो अडकतो. सगळ्या फाइलीत त्याला सापडलं काय, तर [बदक]. बिनकान्यामात्रेचा एवढाच पक्षी आमच्या खाडीत! मग वैतागून ठिपका-तारा, म्हणजे "काहीही, कितीही", लावला, आणि तिथेच पाय घसरला:

```
\[(.*)\] x(\d+)
```

पहिल्या दहा ओळींवर छान चाललं, कारण त्या जुन्या ओळींत काकांनी एकेकच पक्षी लिहिला होता. अख्ख्या फाइलीवर चालवलं तर जानेवारीत ऐरोलीला छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, जवळजवळ शून्य. जानेवारीत, ऐरोलीला! काकांना फोन केला तर म्हणाले, "अगं, तुझा संगणक डोळे मिटून बसलाय का? मी स्वतः मोजलेत."

झालं होतं असं. `.*` हावरट असतो. पहिला `[` दिसला की तो ओळीच्या टोकापर्यंत सगळं एका घासात गिळतो आणि मग त्याला आठवतं की पुढे `]` आणि x पण हवेत. तेव्हा तो गिळलेलं एकेक अक्षर बाहेर काढू लागतो. वरच्या ओळीत "] x2" ही चार अक्षरं परत केली की त्याचं काम होतं आणि तो खुशीत थांबतो. हाती काय लागतं? "शेकाट्या] x45, [छोटा रोहित] x340, पुलाजवळ [खंड्या" या लांबलचक नावाचा पक्षी, संख्या दोन. ३४० रोहित नावाच्या पोटात गडप.

हे पकडायची सोपी युक्ती म्हणजे नुसतं `\] x\d` फाइलीत किती वेळा येतं ते मोजायचं आणि आपल्या जुळण्यांशी ताडून बघायचं. माझ्याकडे ते ९३४६ वेळा होतं आणि जुळण्या ३०७१. दोन तृतीयांश नोंदी खाल्ल्या होत्या.

यावरचा उतारा तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी आत्ताच मनात म्हटला असेल: प्रश्नचिन्ह लावा.

```
\[(.*?)\] x(\d+)
```

आळशी तारा. हा उलटा चालतो. आधी काहीच घेत नाही, पुढे `]` आहे का बघतो, नसेल तर एक अक्षर घेतो, परत बघतो. वरच्या ओळीत तीन पक्षी, तीन संख्या, चोख. जुळण्या ९३४६. आकडा तंतोतंत जुळला म्हणून मी त्या दिवशी चहात आलं जास्त घातलं आणि तक्ता गटावर टाकून मोकळी झाले.

तो तक्ता ज्यांनी उतरवून घेतलाय त्यांनी कृपा करून काढून टाका.

परवा ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीत पक्ष्यांची यादी चाळत होते, नावाच्या लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलेली. (ही सवय लावून घ्या. जास्तीचं काही गिळलं गेलं असेल तर ते लांबीतच दिसतं.) यादीच्या डोक्यावर हे महाशय: "चमचा] दिसला नाही. [छोटा रोहित". मूळ ओळ चाणक्य तलावाची:

```
चाणक्य तलाव. [चमचा] दिसला नाही. [छोटा रोहित] x120
```

माझी पहिली प्रतिक्रिया म्हणजे पायथॉनमध्ये बग आहे. आळशी तारा म्हणजे सगळ्यात लहान जुळणी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मग तिकिटाच्या मागे ओळ लिहून बोटाने एकेक अक्षर चालत गेले आणि कळव्याच्या आसपास ट्यूब पेटली.

रेगेक्सचं इंजिन डावीकडून निघतं. पहिला `[` चमच्याचा, तिथे ते सुरू करतं. आळशी तारा एकेक अक्षर घेत "चमचा"पर्यंत येतो, `]` मिळतो. पण त्यापुढे हवा x, आणि तिथे आहे "दिसला". नापास. आता माणूस असता तर म्हणाला असता, हा कंस आपल्या कामाचा नाही, पुढचा बघू. इंजिन तसं म्हणत नाही. त्याच्या मते याच `[` पासून अजून अक्षरं घेता येतायत, ठिपक्याला `]` सुद्धा चालतो आणि `[` सुद्धा, मग सोडायचं कशाला? ते "] दिसला नाही. [छोटा रोहित" गिळत जातं, पुढे "] x120" मिळतं आणि जुळणी पक्की. रोहितच्या `[` पासून सुरुवात करायची पाळीच येत नाही, कारण डावीकडची सुरुवात आधी यशस्वी झाली. आळशीपणा फक्त लांब्या कुठल्या क्रमाने आजमावायच्या एवढंच ठरवतो. कशाला हात लावायचा नाही, हे तो ठरवत नाही.

आणि माझी मोजणी का फसली? कारण प्रत्येक `] x` ला एक जुळणी मिळतच होती. आकडा बरोबर, संख्या बरोबर, फक्त नाव चुकीचं. अशा २८८ नोंदी निघाल्या. हावरट तारा निदान ढळढळीत चुकतो, हा आळशी मात्र गोड बोलून गळा कापतो.

खरा उपाय म्हणजे ठिपकाच काढून टाकायचा. आपल्याला "काहीही" नकोच आहे, "बंद कंस सोडून काहीही" हवंय. मग तसंच लिहायचं:

```
\[([^\]]*)\] x(\d+)
```

आता तारा हावरट असला तरी चालतो, त्याला `]` च्या पलीकडे पाऊल टाकायला बंदी आहे. चमच्यापाशी x मिळत नाही, मागे सरकून काही हाती लागत नाही, तो कंस बाद, इंजिन पुढच्या `[` वर. वेगवेगळी नावं ४१२ होती ती दीडशेच्या आत आली. शिवाय हीच युक्ती `sed -E` आणि `grep -E` मध्येही चालते, जिथे आळशी तारा नाहीच; तिथे फक्त `\[([^]]*)\] x([0-9]+)` असं लिहायचं. आमच्यातले जे कमांड लाइनवाले `*?` चालत नाही म्हणून रडत असतात त्यांनी हे चिकटवून ठेवावं.

तक्ता उघडला. दोन ओळी मधूनच तुटलेल्या. नाव या रांगेत सुरू आणि खालच्या रांगेत संपतंय.

आता काय? ठिपका ओळीचा शेवट ओलांडत नाही, हे संरक्षण मला फुकटात मिळत होतं आणि ठिपक्याबरोबर ते गेलं. `[^\]]` ला `]` सोडून सगळं चालतं, त्यात ओळीचा शेवटही आला. मी फाइल एकाच दमात वाचते, त्यामुळे काका जिथे कंस बंद करायला विसरले तिथे:

```
विटावा. [गाय बगळा x6
कोपरी. [वंचक] x3
```

गाय बगळ्याने विटाव्याहून उडी मारून कोपरीच्या वंचकाला पोटात घेतलं. म्हणून आणखी आवळलं. उघडा कंस पण नको, नवी ओळ पण नको, आणि रिकामा कंस चालू नये म्हणून ताऱ्याऐवजी अधिक:

```
\[([^\[\]\n]+)\] x(\d+)
```

जुळण्या पुन्हा ९३४६, नावं १३७, सगळ्यात लांब नाव खरोखरीच्या पक्ष्याचं. गाय बगळ्याची नोंद यात येत नाही आणि येऊही नये. ज्या ओळीत `[` आणि `]` ची संख्या सारखी नाही त्या वेगळ्या काढल्या, तेवीस निघाल्या, त्या सगळं झाल्यावर हाताने दुरुस्त करीन. त्यासाठी रेगेक्स रचत बसण्यात अर्थ नव्हता.

हत्याराबद्दल एक. regex101.com मी रोज वापरते आणि वापरत राहीन, पण तिथे भाषा Python निवडा. आणि संपादकाच्या शोधपेटीत तपासून "चालतंय" म्हणू नका. पायथॉनचा `\d` देवनागरी आकडे ओळखतो, `int` लाही "३४०" समजतं, पण जावास्क्रिप्टच्या रेगेक्सवर चालणाऱ्या शोधपेटीत `\d` म्हणजे फक्त 0 ते 9. काकांनी टंकताना मूड बदलेल तसे दोन्ही आकडे वापरलेत.

इथवर लिहिलं आणि एक किडा चावला. "चमचा दिसला नाही" ही सुद्धा नोंदच आहे की! न दिसलेले पक्षी मी कचरा म्हणून टाकत होते. कंस आता घट्ट आहेत तर पुढे x नसलेले कंस सहज निघतील:

```
\[([^\[\]\n]+)\](?! x\d)
```

आत्ता चालवलं. ढीगभर आले. बरेचसे खरोखर "दिसला नाही", "आवाज फक्त" वगैरे. पण एकसष्ट ठिकाणी भलतंच. कुठे "]x45" जोडून, कुठे मोठा X, कुठे गुणाकाराचं खरं चिन्ह ×. म्हणजे या संख्या मोजणीत कधी आल्याच नव्हत्या, आणि माझा ९३४६ चा लाडका आकडाही अपुराच होता, कारण मोजपट्टीत तोच आखूड x होता. आता शेवट असा:

```
\[([^\[\]\n]+)\] *[xX×] *(\d+)
```

मोकळ्या जागेसाठी `\s` ऐवजी मुद्दाम साधी जागा लिहिली आहे, कारण `\s` पुन्हा ओळ ओलांडतो. जुळण्या ९४०७. नऊ हजार तीनशे सेहेचाळीस अधिक एकसष्ट, बरोबर बसलं.

तेव्हा आलेख पुढच्या भागात ढकलते, आधी "न दिसलेल्यां"चा तक्ता करायचाय. काकांना हे सांगायला आत्ता फोन केला. ते खूश झाले आणि म्हणाले, "मग आता ती २०१९ ची वही पण पाठवतो. तिच्यात मी गोल कंस वापरलेत, आणि कंसात कंस."

कंसात कंस, मंडळी. रविवारी सकाळच्या गाडीने ऐरोलीला जाऊन वही आधी डोळ्यांनी बघून येते.