मोकळा

सकाळी आई म्हणाली, "मोकळाच आहेस तर दळण टाकून ये." एवढंच. तिच्या मनात काही नव्हतं. तरी डबा उचलताना तो शब्द लागला आणि दिवसभर टोचतोय.

मंगळवारी साडेअकराला कर्वेनगरातल्या गिरणीत कोण असणार? दोन आजोबा आणि मी. तेवढ्यात रिक्रूटरचा फोन. "नोटिस पीरियड किती?" आठ वर्षं माझं उत्तर 'नव्वद दिवस' होतं आणि ते ऐकून पलीकडचा माणूस उसासा टाकायचा. साठवर येईल का, कंपनी बायआउट देईल का, सगळी घासाघीस त्यावरच. लगेच रुजू होणारा माणूस म्हणजे तेव्हा दुर्मीळ माल. आज मी म्हणालो, "उद्यापासून येतो." पलीकडे शांतता. मग, "लेऑफ का?" गिरणी चालू असल्यामुळे 'हो' सुद्धा ओरडून म्हणावं लागलं. आजोबांनी वळून पाहिलं.

म्हणजे नव्वद दिवस होते तेव्हा अडचण, आता शून्य झाले तर संशय. मोकळा आहे म्हणजे काहीतरी असेलच. आमच्या अख्ख्या टीमचं कामच बंद केलं, हे त्या माणसाला सांगायला हवं होतं. पण मग तो खुलासा वाटतो, आणि खुलासा केला की गुन्हा केल्यासारखं वाटतं. आईबाबांचं नाव कंपनीच्या विम्यात होतं, ते आज नको.

चूक माझीही आहे. पहिल्या आठवड्यात रात्री झोप येईना म्हणून पोर्टलवर दिसेल तिथे अर्ज टाकले, चाळीस-बेचाळीस तरी. त्यातल्याच एका कंपनीत माझ्या जुन्या टीममधला पोरगा आहे. त्याने काल आपणहून माझं नाव रेफरलला टाकलं, तर सिस्टिम म्हणते, हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे. एकदा स्वतः अर्ज केला की बऱ्याच ठिकाणी पुढचे काही महिने रेफरल धरतच नाहीत. त्याचा बोनस गेला ते वेगळंच. माझा अर्ज शेकडोंच्या ढिगात पडलाय आणि तो वर काढायची एकुलती दोरी मीच कापली. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. स्वतः नोकरीत असताना चार जणांना सांगितलंय की आधी अर्ज करू नका, मला विचारा.

त्याने आणखी एक विचारलं. "दादा, फॉर्ममध्ये आहे, सोबत थेट काम केलंय का. काय लिहू?" म्हटलं, खरं तेच लिही. तो म्हणाला, "मग ते डबल पेमेंट लिहितो." हसलोच.

जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, काफ्का, सगळं पेमेंट सेटलमेंटमध्ये, हा माझा रेझ्युमे. पण खरं काम ते होतं. काफ्काचा कन्झ्युमर प्रोसेस पैसे पाठवायचा आणि ऑफसेट कमिट होण्याआधी मरायचा. पुन्हा उठला की तोच मेसेज पुन्हा, दुकानदाराला तेच पैसे दोनदा. आम्ही व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन घातलं. आधी ती नोंद करायची, `ON CONFLICT DO NOTHING`, आणि ओळ खरंच पडली तरच पैसे सोडायचे. मग उलटाच घोळ निघाला. नोंद झाली आणि त्याच क्षणी प्रोसेस मेली, तर पैसे कधीच जात नाहीत. त्यासाठी अडकलेल्या नोंदी शोधून बँकेला स्थिती विचारणारा वेगळा जॉब लिहिला. रेझ्युमेत मी 'नेतृत्व केलं' असं लिहिलं होतं, आज दुपारी खोडलं. आम्ही तिघं होतो. तो जॉब मी लिहिला.

तर मागायचंच आहे, म्हणून नीट मागतो. तुमच्याकडे बॅकएंडची जागा असेल, पुण्यात किंवा रिमोट, तर जॉब आयडी पाठवा. मी त्याच दिवशी पीडीएफ आणि ती जागा मला का जमेल याच्या तीन ओळी पाठवीन. अर्ज मी करणार नाही, शपथ. रिलीव्हिंग लेटर हातात आहे, पीएफला बाहेर पडल्याची तारीखही चढली आहे. सोबत काम केलं असेल तर तसं लिहा. नसेल तर 'ओळखतो' एवढंच लिहा, मला ते चालेल. जागा नसेल तर 'नाही' कळवलंत तरी बरं, वाट बघणं थांबतं.

संध्याकाळी आईने पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. जाडं आलंय म्हणे, गिरणीवाल्याला सांगायला हवं होतंस. मी फोनवर ओरडत होतो, सांगणार कधी? उद्या अकराला परत जायचंय. त्या वेळेत फोन करू नका, मेसेज टाका.