पत्ता गेला राउटरबरोबर

एका छोट्या ऑफिसात कनेक्शन देणाऱ्या कंपनीने जुना राउटर काढून नवा बसवला. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुद्दाम तेच ठेवले होते, त्यामुळे इंटरनेट लगेच चालू झालं. दुपारी मला फोन आला, "स्कॅनर बंद पडलाय."

जाऊन बघतो तर स्कॅनर ठणठणीत. केबल लावलेली, तिच्या शेजारचा हिरवा दिवा लुकलुकतोय, पेनड्राइव्हवर स्कॅनही होतोय. फक्त पाचही कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर एकच सांगत होतं: स्कॅनर सापडत नाही. हिशेब बघणाऱ्या बाईंनी तोवर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून पाहिलं होतं. उपयोग शून्य, कारण जुन्या सेटिंग्ज तशाच राहिल्या होत्या.

सेटिंगमध्ये स्कॅनरचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, होता 192.168.1.50. तिथून उत्तर येतं का ते बघायला मी पिंग केलं:

```
ping 192.168.1.50
Reply from 192.168.1.112: Destination host unreachable.
```

इथे भलेभले फसतात. ओळीची सुरुवात Reply अशी, आणि खाली विंडोज 0% loss असंही छापतं. पण उत्तर देणारा 112 कोण? ज्या कॉम्प्युटरवर मी बसलो होतो तोच. 50 या पत्त्यावर कुणी सापडत नाही, हे तो स्वतःच स्वतःला कळवत होता.

स्कॅनरच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कची माहिती उघडली. तिथे पत्ता 192.168.1.104. म्हणजे स्कॅनर नेटवर्कवर होता, फक्त दुसऱ्या घरी राहायला गेला होता. मी त्या बाईंच्या सॉफ्टवेअरमध्ये 50 च्या जागी 104 टाकलं, स्कॅन झाला. बाकीच्या चार कॉम्प्युटरचं उद्या बघू म्हणून निघालो. ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. "अहो, तुम्ही काल केलंत ना, ते परत गेलं."

या वेळी 104 ला पिंग केलं तर खरंखुरं उत्तर आलं, तरी सॉफ्टवेअरला स्कॅनर दिसेना. मग `arp -a` चालवून 104 वर कोणाचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाची नेटवर्कवरची ओळख, आहे ते पाहिलं. तो `da` ने सुरू होत होता आणि स्कॅनरच्या मागच्या लेबलशी अजिबात जुळत नव्हता. दुसरं अक्षर 2, 6, a किंवा e असेल तर तो पत्ता सहसा कारखान्यातला नसतो, उपकरणाने स्वतः बनवलेला असतो, आणि हल्लीचे मोबाइल असंच करतात. कुणाच्या तरी खिशातला फोन 104 वर बसला होता. स्कॅनर 101 वर.

रात्री ऑफिसचा मेन स्विच बंद होतो. हा राउटर वीज गेली की कोणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतो, आणि सकाळी जो आधी मागेल त्याला आधी देतो. मग जुन्या राउटरबरोबर इतकी वर्षं चाललं कसं? तर त्यात कुणीतरी कधीकाळी स्कॅनरसाठी 50 राखून ठेवलं असणार. ती नोंद स्कॅनरमध्ये नव्हती, राउटरमध्ये होती. राउटर गेला, नोंदही गेली.

नव्या राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर Address Reservation उघडलं. इथे फक्त दोन गोष्टी भरायच्या, मॅक पत्ता आणि आयपी पत्ता. मी लेबलवरचा मॅक टाकला, स्कॅनर बंद करून चालू केला, तरी तो 101 वरच. पुन्हा लेबल वाचलं तेव्हा कळलं की त्यावर दोन मॅक आहेत, एक वायफायचा आणि एक केबलचा. मी वायफायचा टाकला होता. तेव्हापासून मी लेबलवर विसंबत नाही, राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतूनच मॅक उचलतो.

पत्ता मात्र जुनाच राखला, 192.168.1.50. नवा राउटर आपणहून 100 ते 199 मधलेच पत्ते वाटत होता, त्यामुळे 50 वर दुसरं कोणी येण्याचा प्रश्न नव्हता. काही राउटर अशा हद्दीबाहेरचा पत्ता राखू देत नाहीत, मग हद्द वाढवावी लागते. स्कॅनरवरच पत्ता हाताने ठोकून देता आला असता, पण मग पुढे कधी राउटरची पत्त्यांची मालिकाच बदलली तर स्कॅनर एकटा जुन्या मालिकेत अडकून बसतो.

पुन्हा स्कॅनर बंद-चालू केला. हे करावंच लागतं, नाहीतर हातातल्या पत्त्याची मुदत वाढवून घ्यायची वेळ येईपर्यंत तो तोच धरून बसतो. पडद्यावर 50 उमटलं. खात्रीसाठी राउटर आणि स्कॅनर दोन्ही बंद केले, आधी राउटर लावून सगळ्यांचे मोबाइल जोडू दिले आणि स्कॅनर सर्वांत शेवटी लावला. तरीही 50.

चार कॉम्प्युटरना हात न लावता स्कॅन सुरू झाला. पाचव्यावर मात्र "स्कॅनर सापडत नाही". तो त्या बाईंचा, आदल्या दिवशी मी "दुरुस्त" केलेला. 104 खोडून पुन्हा 50 लिहिलं.