वारा कुठून येतो आहे?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा चित्रकलेच्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि मग दुसरे काही आठवेना.

इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीत मी पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या स्त्रीचे स्मरणचित्र काढले होते. तिचा पदर निशाणासारखा डावीकडे आडवा उडत होता, निऱ्या मात्र सरळ खाली लोंबत होत्या. बाईंनी विचारले, "वारा कुठून येतो आहे?" मी म्हणालो, "समोरून." त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बाण काढला, एका मुलीला गणवेशावरच सुती साडी नेसवली, तिचा उजवा पाय बाकाच्या पायरीवर ठेवायला सांगितला आणि समोर टेबल फॅन लावला.

त्या अर्ध्या तासात जे दिसले, ते मी आजही विसरलेलो नाही. वाऱ्याच्या बाजूला कापड अंगाला चिकटले. पुढच्या मांडीवर आणि नडगीवर जवळजवळ चुणीच उरली नाही, पायाचा आकार तेवढा स्पष्ट झाला. उचललेल्या गुडघ्यापासून कमरेकडे आणि मागच्या पायाच्या घोट्याकडे मात्र ताणाच्या तिरप्या रेषा गेल्या. पोटऱ्यांच्या मागे कापड सुटून फुगले. पदर डावीकडे नव्हे, पाठीमागे उडाला, आणि त्याच्या चुण्या खांद्यावरच्या पिनेपाशी दाट व बारीक होऊन पुढे पंख्यासारख्या रुंदावत गेल्या. बाई म्हणाल्या, "चुणी कुठे अडकली आहे ते आधी शोध. जिथे अडकलेली नाही, तिथे ती काढायची नाही."

काठाचीही माझी चूक त्यांनीच दाखवली. घडीत काठ आत जातो, त्यामुळे तिथली नक्षी तुटली पाहिजे आणि पुढच्या उंचवट्यावर, मधला लपलेला भाग सोडून, पुढूनच सुरू झाली पाहिजे. मी ती सलग रंगवली होती, म्हणून साडी पुठ्ठ्याची वाटत होती. पुढे पैठणी रंगवताना मला उमगले की जरीच्या जड पदराला त्या सुती साडीची चाल देता येत नाही. तेवढ्याच वाऱ्यात तो थोडासाच उचलला जातो, त्याच्या लाटा मोजक्या आणि मोठ्या होतात. जॉर्जेटची ओढणी मात्र टोकाशी बारीक वळणे घेत तरंगते.

आज मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढतो. चित्रकलेच्या वर्गाचे आता संगणककक्षात रूपांतर झाले आहे, हे कळल्यावर वाईट वाटले; त्या उंच खिडक्यांच्या उजेडात चुणीची सावली जशी मऊ उमटे, तशी मला पुन्हा दिसली नाही. कोणतेही चित्र सुरू करताना मी कागदाच्या कोपऱ्यात आधी लाल बाण काढतो आणि रंगकाम संपल्यावरच खोडतो.