गवंडीदादांनी फ्लेक्सकडे बघितलं आणि गाडी पुन्हा लावावी लागली

मी भुसावळला फ्लेक्स आणि ब्रोशर डिझाइनचं काम करतो. मागच्या थंडीत एका बिल्डर भाऊंचं काम आलं होतं, यावल रस्त्याकडे दुमजली रो-हाऊस बांधलेले, त्यांना वीस बाय दहाचा फ्लेक्स हवा होता. फोटो त्यांनीच समोरच्या घराच्या गच्चीवरून मोबाईलने काढून पाठवलेला. घर छान आलं होतं, पण पुढे सगळं मोकळं, उजाड. म्हणाले, गेटजवळ एक पांढरी गाडी उभी कर आणि बाजूला कडुनिंबाचं झाड टाक, म्हणजे राहतं घर वाटेल. गाडीचा फोटोही त्यांनीच दिला, शोरूममध्ये जवळ उभं राहून काढलेला.

मी गाडी कापली, गेटपुढे ठेवली, डोळ्याला बरी दिसेल एवढी मोठी केली, रंग जुळवला, खाली सावली टाकली. प्रिंट काढायच्या आधी साईटवर लॅपटॉप घेऊन गेलो तर तिथले गवंडीदादा, साठीच्या पुढचे असतील, मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भो, घराकडे आपण गच्चीवरून बघू राहिलो, आन् गाडीकडे जमिनीवरून. असं कसं?"

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. घराच्या फोटोत ओट्याची फरशी दिसत होती, कंपाऊंडच्या भिंतीची वरची कड दिसत होती, म्हणजे आपण वरून बघतोय. गाडीचं मात्र टप अजिबात दिसत नव्हतं, नुसती काच आणि बाजूची दारं. ही चूक गाडी लहानमोठी करून निघत नाही, कारण जे टप फोटोत आलंच नाही ते ओढून-ताणून कुठून आणणार.

मग तिथेच ओसरीवर बसून पहिल्यापासून सुरुवात केली. आधी फोटोतल्या उभ्या कडा सरळ करून घेतल्या, कारण मोबाईल थोडा खाली झुकवलेला होता. मग डोळ्याची रेषा शोधायची, म्हणजे कॅमेरा ज्या उंचीवर आहे त्या उंचीची आडवी रेषा, क्षितिजाची. माझ्यासोबतचा पोरगा म्हणाला दादा मागे सातपुडा दिसतोय ना तेच क्षितिज, पण डोंगर तर क्षितिजाच्या वर उठलेला असतो, ती कड धरली तर सगळं माप चुकतं. रेषा घरातूनच काढावी लागते. जोत्याची कड आणि वरच्या गच्चीच्या कठड्याची कड, दोन्ही खऱ्यात एकमेकींना समांतर, फोटोत मात्र एक वर चढत जाते आणि एक खाली उतरत येते, नव्या लेयरवर त्या लांबपर्यंत ओढल्या की जिथे भेटतात तिथे डोळ्याची उंची. घराच्या दुसऱ्या बाजूच्या दोन कडांनी तसंच करून बघितलं, तो बिंदूही त्याच उंचीवर आला. आणि एक खूण तर आधीच समोर होती, माझंच लक्ष गेलं नव्हतं: पहिल्या मजल्याच्या खिडकीची खालची कड फोटोत जवळजवळ आडवी होती. जी कड डोळ्याच्या उंचीवर असते ती चढतही नाही, उतरतही नाही.

आता उंची किती ते हवं होतं. गवंडीदादांनी सांगितलं गेटचा खांब जमिनीपासून सहा फूट, त्यांनीच बांधलेला. फोटोत खांब २८० पिक्सेल आणि खांबाच्या बुडापासून डोळ्याच्या रेषेपर्यंत ७०० पिक्सेल. म्हणजे ७०० ला पंधरा फूट, कॅमेरा जमिनीपासून पंधरा फुटांवर. एकदा हे कळलं की सपाट जमिनीवर कुठेही बोट ठेवा, तिथून त्या रेषेपर्यंतचं अंतर म्हणजे पंधरा फूटच, जवळ असो की लांब. साधी गाडी पाच फूट उंच, म्हणजे तिचं टप त्या अंतराच्या एक तृतीयांशावर यायला पाहिजे. माझ्या गाडीचं पुढचं चाक टेकत होतं तिथून रेषेपर्यंत ८४० पिक्सेल, म्हणजे गाडी २८० ची हवी. मी केली होती ४२०. साडेसात फुटांची गाडी! घराच्या दारापेक्षा उंच, आणि मला ती रंग जुळवताना दोन तास बरी दिसत होती.

गाडी नव्यानेच काढावी लागणार होती. समोरच्या गच्चीपासून गेटपुढच्या जागेपर्यंत दादांनी पावलांनी मोजून पंचेचाळीस फूट सांगितले. माझ्या दुकानाच्या वर पहिल्या मजल्याची गॅलरी आहे, तिथे उभं राहिलं की मोबाईल पंधरा फुटांच्या आसपास येतो. खाली टेप लावून पंचेचाळीस फुटांवर भाऊंची गाडी उभी केली, गेटपुढे जशी आडवी हवी तशीच वळवून, आणि मूळ फोटो दुपारी चारचा होता म्हणून आम्हीही चार वाजताच काढला, ऊनही त्याच बाजूने येईल असं बघून. उंची आणि अंतर दोन्ही तेच ठेवलं म्हणून टप तेवढंच दिसलं, चाकं तेवढीच चपटी दिसली. शोरूमचा फोटो पाच-सहा फुटांवरून काढलेला, त्यात पुढचा दिवा थोराड आणि मागचा भाग आखडलेला होता, लोक म्हणतात लेन्समुळे, पण खरं कारण जवळ उभं राहणं. लांबून काढून क्रॉप केलं की ते जातं.

फ्लेक्सवर गाडी ठेवायच्या आधी मी तिच्या मापाचा एक खोका आखला, जवळचा कोपरा २८० पिक्सेल, बाजूच्या कडा घराच्याच त्या दोन बिंदूंकडे जाणाऱ्या. गाडी त्यात बसली तेव्हा जीव भांड्यात पडला.

झाडाला कडा नसतात म्हणून ते सोपं वाटतं, पण तिथे पानं पकडून देतात. माझ्याकडे नर्सरीतल्या दहा फुटी निंबाचा फोटो होता, तो तीस फुटांचा करायला गेलो तर पानंही तिप्पट झाली, आणि पंचाहत्तर फुटांवरच्या झाडाचं पान न् पान वेगळं दिसायला लागलं. झाड एकदम खेळण्यातलं. मग शेताच्या बांधावरचा जुना निंब लांबून काढून आणला. बुडापासून रेषेपर्यंत ५०० पिक्सेल होते, तीस फुटांना १००० ठेवले, खोडाशी गवत आणि माती साईटच्याच फोटोतली उचलून लावली. डोळ्याच्या रेषेच्या वरच्या फांद्यांची खालची बाजू दिसते ना तेही बघून घेतलं, नाहीतर तिथेही गाडीसारखंच झालं असतं.

भाऊंना आवडलं, आणि लगेच म्हणाले रांगेच्या शेवटच्या घरापुढेही एक गाडी टाक. इथे मी थांबलो, कारण तिकडे रस्ता नाल्याकडे उतरतो, जमीन खाली गेली की पंधरा फुटांचा हिशोब चालत नाही, तिथून डोळ्याची रेषा जास्त उंच असते. किती उतार ते कोणी मोजलेलं नव्हतं. पण त्या घराच्या गेटलाही दादांनी तोच सहा फुटी खांब बांधलेला, फोटोत तो १२० पिक्सेल दिसत होता. मग रेषा सोडून दिली आणि त्याच्या शेजारी गाडी १०० पिक्सेलची ठेवली.