सवडीने नव्हे, वहीनुसार

बासष्ट हजार शब्दांचं पुस्तक मराठीत आणायला मला अडीच महिने लागले आणि त्याचे पैसे मागणारी तीन वाक्यांची मेल लिहायला एक अख्खी दुपार. अमळनेरचं एप्रिलचं ऊन, पंख्याची गरमच हवा आणि समोर कोरी मेल. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा रोजचा अहिराणी प्रश्न आला, “उनात का पैसा?” म्हणजे, आले का पैसे.

काम पुण्याच्या एका संस्थेचं होतं, आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाचं पुस्तक. दर इंग्रजी शब्दाला दीड रुपया. मोजायचे ते मूळ मजकुराचे शब्द, कारण मराठीत ‘ऑफ द’ वगैरे सगळं प्रत्ययात विरघळतं आणि आपले शब्द कमी भरतात. म्हणजे बिल ९३,००० चं. ३ मार्चला पाठवलं, मुदत तीस दिवस, म्हणजे २ एप्रिल. आज १० तारीख.

पहिला खर्डा असा होता: ‘आपण कामात असाल याची कल्पना आहे. त्रास देतेय त्याबद्दल क्षमस्व. सवडीने जमलं तर बिलाकडे एकदा पाहावं ही विनंती.’ पाठवून टाकला. उत्तर आलं, ‘नक्की ताई, अकाउंट्सला फॉरवर्ड करते.’ आणि मग मे महिना. चूक त्यांची नाही. मीच ‘सवडीने’ म्हटलं होतं, त्यांनी ते शब्दशः घेतलं. शब्दशः घेऊ नका हे मी दिवसभर इतरांना सांगते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, नानांचं. उधारी चालते. नाना कधीच पैसे मागत नाहीत. साखर बांधता बांधता वही उघडतात आणि वाचतात: “पंधरा तारीख, तेल. अठराला तूरडाळ. बावीसला पुन्हा तेल. ताई, एक हजार तीनशे चाळीस.” बस. क्षमा नाही, टोमणा नाही, पोराच्या फीची कहाणी नाही. ऐकणाऱ्याला आकडा नाकारता येत नाही आणि अपमानही वाटत नाही. मी पिशवी घेऊन उभी होते आणि मला माझी मेल सापडली.

त्याआधी मात्र आणखी एक गोष्ट बघायची होती. संस्था पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापते, पण कायद्याने तो पैसे देताना किंवा बिल खात्यात नोंदवताना, जे आधी होईल तेव्हा कापायचा असतो. मार्चमध्ये नोंदवलेल्या बिलाचा टीडीएस मेअखेरच्या विवरणानंतर आपल्या नावावर कापलेल्या कराच्या नोंदींत, म्हणजे फॉर्म २६एएसमध्ये, दिसू लागतो. तिथे नोंद नसेल, तर बिल बहुधा कुणाच्या तरी इनबॉक्सातच पडून आहे. नोंद असेल, तर ते अकाउंट्सपर्यंत पोचलंय आणि अडलंय त्याच्या पुढे. जूनमध्ये बघितलं: ९,३०० रुपये, मार्चच्याच तारखेने. म्हणजे माझ्या नावावर कर भरला होता आणि मला एक पैसा मिळाला नव्हता.

दुसरी मेल दहा मिनिटांत झाली. समन्वयक ताईंना आणि सोबत थेट अकाउंट्सलाही. विषयाच्या ओळीतच बिल क्रमांक आणि तारीख, कारण अकाउंट्सचा माणूस मेल वाचत नाही, शोधतो.

‘नमस्कार. बिल क्र. १४, दिनांक ३ मार्च, रक्कम ९३,०००. टीडीएस ९,३०० वजा जाता येणे ८३,७००. मुदत २ एप्रिल होती. टीडीएसची नोंद २६एएसमध्ये दिसते, रक्कम मात्र खात्यात जमा झालेली नाही. बिल पुन्हा जोडलं आहे. पैसे कोणत्या तारखेला पाठवले किंवा पाठवणार, एवढं कळवाल का?’

‘कृपया’सुद्धा नव्हतं, आणि तरी उद्धट वाटलं नाही. शेवटचा प्रश्न मुद्दाम असा, की उत्तर एका तारखेत देता यावं.

तासाभरात फोन. अकाउंट्सचे सर मवाळ आवाजात म्हणाले, “मॅडम, आम्ही २८ मार्चलाच पाठवले होते. परत आले. तुमचा आयएफएससी चालत नाही.”

बिल उघडलं. तीन वर्षांपूर्वी याच संस्थेचं एक छोटं काम केलं होतं, त्याच फाइलवर आकडे बदलून हे बिल बनवलं होतं. दरम्यान माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखेचा कोड बदलला, आणि मी बासष्ट हजार शब्द तीनदा वाचले पण स्वतःच्या बिलावरची अकरा अक्षरं एकदाही नाही. परत आलेली रक्कम मार्चअखेरच्या गर्दीत त्यांच्या खात्यात पडून राहिली. त्यांनी कळवायला हवं होतं, हे खरं. पण ‘क्षमस्व’, ‘सवडीने’ लिहीत बसलेल्या मला तरी ते कसं कळणार होतं?

सुधारलेलं बिल त्याच संध्याकाळी पाठवलं. गुरुवारी ८३,७०० आले. नानांकडे गेले, तर त्यांनी वहीचं पान उघडून वाचायला सुरुवात केली. म्हटलं, “नाना, आज वाचू नका, आकडा सांगा.” ते म्हणाले, “तसं नाही ताई, आधी वाचू द्या.”