पार्किंगच्या पावणीत आकडा लिहिण्याआधी : माझा अनुभव

पर्वरीतल्या आमच्या सोसायटीने छपराखालची पार्किंगची एक जागा वर्षभरासाठी पावणीला, म्हणजे लिलावाला, काढली होती. ती मला मिळाली. अर्ज, थकबाकी नसल्याचा दाखला, अनामत हे सगळं सुरळीत पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते अर्जातल्या ‘बोलीची रक्कम’ या एका रिकाम्या चौकटीपाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण तो खोळंबा नोटिशीत एक वाक्य घातलं असतं तर झालाच नसता.

नोटिशीत इतकंच होतं : बोली बंद पाकिटातून द्यावी, किमान रक्कम ₹10,000, सर्वाधिक बोलीला जागा दिली जाईल. जिंकणाऱ्याने भरायचे किती, हे कुठेच नव्हतं. जिंकणारा आपलीच बोली भरणार, की त्याच्या खालोखाल असलेली बोली भरणार? सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता तो दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे जागा सर्वांत मोठ्या बोलीला आणि किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी. नोटीस काढताना ते गळलं. विचारलं तर खजिनदार म्हणाले, “तुम्ही आकडा भरा हो, पैशांचं मागाहून बघूया.”

मागाहून बघून चालत नाही, आणि का चालत नाही तेच इथे सविस्तर सांगायचं आहे. आधी आपला खरा आकडा काढावा लागतो. माझा हिशोब असा : रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये महिना ₹1,500 पडतात, म्हणजे वर्षाचे ₹18,000. तिथून पावसात चालत येणं, रात्री सामान वाहून आणणं टळावं म्हणून महिना ₹500 जास्त द्यायला माझी खुशीने तयारी आहे, ते ₹6,000. बेरीज ₹24,000. या आकड्याची परीक्षा सोपी आहे. ₹23,900 ला जागा मिळाली तर थोडं बरं वाटलं पाहिजे, ₹24,100 ला मिळाली तर थोडं खटकलं पाहिजे, आणि बरोबर ₹24,000 ला मिळाली काय, न मिळाली काय, सारखंच वाटलं पाहिजे. दुसरा काय लिहील हा विचार या हिशोबात येता कामा नये. ‘जागा पोटभाड्याने देता येणार नाही’ ही अट होती, त्यामुळे प्रत्येकाची किंमत खरोखरच ज्याची त्याची होती. शेजाऱ्याचा आकडा कळला असता तरी माझी गरज कमी-जास्त झाली नसती.

आता चौकटीत काय लिहायचं? किंमत खालोखालच्या बोलीवर ठरणार असेल तर सरळ 24,000. त्यातून जरा कमी करून 20,000 लिहिले तर काय होतं ते पाहा. बाकीच्यांतली सर्वांत मोठी बोली 17,000 असेल, तर 24,000 लिहा की 20,000, जागा आपलीच आणि भरायचे 17,000. कमी लिहून एक रुपयाही वाचला नाही. ती बोली 27,000 असेल तर दोन्ही आकड्यांनी जागा गेलीच. फरक पडतो तो ती बोली 20,000 आणि 24,000 च्या मधे असली तरच. समजा 22,000 आहे. खरा आकडा लिहिला असता तर 24,000 मोलाची जागा 22,000 ला मिळाली असती. कमी लिहिल्यामुळे तो 2,000 चा फायदा हातचा गेला. उलट हट्टाने 28,000 लिहिले तर बहुतेक वेळा काही बदलत नाही, पण समोर 26,000 ची बोली निघाली तर जागा गळ्यात पडते आणि 2,000 चं नुकसान होतं. म्हणजे आकडा खाली-वर करून फायदा कधीच होत नाही, तोटा मात्र होऊ शकतो. दुसरे शहाणे आहेत की वेडे, ते दोघे आहेत की दहा, यानेही उत्तर बदलत नाही. आपला आकडा फक्त जागा मिळणार की नाही ते ठरवतो. किंमत दुसऱ्यांच्या पाकिटातून येते.

पण जिंकणारा स्वतःचीच बोली भरणार असेल, तर 24,000 लिहिणं म्हणजे जागा मिळूनही हाती काही न उरणं. तिथे आकडा खाली आणावाच लागतो, आणि किती खाली आणायचा हे बाकीचे काय लिहितील या अंदाजावर ठरतं. पाच जण आहेत आणि प्रत्येकाची किंमत शून्यापासून एका ठरावीक मर्यादेपर्यंत कुठेही सारख्याच शक्यतेने असू शकते, असं धरलं आणि किमान रक्कम बाजूला ठेवली तर हिशोब आपल्या किमतीच्या चार-पंचमांश निघतो : 24,000 चे 19,200. चौकट तीच, माणूस तोच, गरज तीच. नियम एक असला तर 24,000, दुसरा असला तर 19,200. ‘आकडा भरा, मागाहून बघू’ याला म्हणूनच मी नकार दिला. नियम लेखी येईपर्यंत पाकीट देऊ नका, हा माझा सगळ्यांना सांगण्याचा पहिला मुद्दा आहे.

सुधारित नोटीस आली, पण त्यातही शेवटी एक ओळ होती : ‘पाकिटं उघडल्यावर समिती सर्वाधिक बोलीदाराशी रकमेबाबत चर्चा करू शकेल.’ या ओळीने ठराव मोडीत निघतो. चर्चा होणार हे माहीत असलं की 24,000 लिहिणारा आधीच आपली शेवटची मर्यादा समितीच्या हाती देतो. मग जो तो खालचा आकडा लिहितो आणि पावणी पुन्हा आपलीच बोली भरण्याच्या प्रकारची होते. ती ओळ काढायला बराच वाद घालावा लागला. कमिटीचं म्हणणं असं, की जो चोवीस द्यायला तयार आहे त्याच्याकडून कमी घेणं म्हणजे सोसायटीचं नुकसान. त्याला उत्तर वरच्याच हिशोबात आहे. आपलीच बोली भरायची असती तर चोवीसवाल्याने चोवीस लिहिलेच नसते, 19,200 लिहिले असते. आणि दुसऱ्या पद्धतीत, सर्वांत मोठी किंमत 24,000 असताना उरलेल्या चौघांतली मोठी किंमत सरासरीने किती येते? तीही 19,200. एखाद्या वर्षी जास्त, एखाद्या वर्षी कमी, पण त्या गृहीतकावर सरासरी उत्पन्न दोन्हीकडे सारखंच. विल्यम व्हिक्री या अर्थतज्ज्ञाने 1961 मध्ये हे मांडलं, आणि 1996 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं त्यात हेही होतं. आमच्या पाकिटांतून 24,000, 21,500, 19,000, 16,000 आणि 12,500 निघाले. मी 21,500 भरले.

किमान रकमेवरून कमिटीशी माझा वाद नव्हता, ती हवीच. न्यूझीलंडने 1990 मध्ये रेडिओलहरींचे परवाने याच पद्धतीने पण किमान रक्कम न ठेवता विकले. एका कंपनीने एक लाख डॉलरची बोली लावली आणि खालोखालची बोली सहाच डॉलरची असल्याने तिने सहा डॉलर भरले. बोलीदार मोजकेच असले की खालोखालचा आकडा असा कोसळू शकतो. एकच पाकीट आलं तर किंमत काय, तेही किमान रकमेवरूनच ठरतं.

काही सभासदांना पाकीट नकोच होतं, जत्रेतल्या दुकानांची होते तशी तोंडी पावणी हवी होती. उत्तर त्यातही तेच आहे : किंमत 24,000 ला पोचेपर्यंत बोली चढवत राहा, पुढे गप्प बसा. खालोखालचा माणूस त्याच्या मर्यादेला थांबतो आणि त्यानंतर एका पायरीच्या आतबाहेर तुम्हाला जागा मिळते. तोंडी पावणीत खरा आकडा पाळणं सोपंही जातं. प्रयोगांत दिसलंय की बंद पाकिटात लोक, फायदा नसताना, खऱ्या किमतीपेक्षा जास्त लिहीत राहतात, पण चढत्या किमतीत लवकरच बरोबर जागी थांबायला लागतात. दर पायरीला प्रश्न एकच असतो : या भावाला हवी की नको? तिथे एकच पथ्य पाळा. पायरी 500 ची असेल तर 500 नेच चढा. धाक घालायला 15,000 वरून एकदम 23,000 म्हटलं आणि दुसरा 21,500 लाच थांबणारा होता, तर 22,000 ऐवजी 23,000 भरावे लागतात. आणि आपला 24,000 चा आकडा घरूनच कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण ‘एक वार, दोन वार’ सुरू झालं की जिंकण्याचीच ओढ लागते.

तोंडी पावणीचा आणखी एक फायदा मला पाकिटांच्या वेळी जाणवला. तिथे जिंकणाऱ्याची मर्यादा कुणालाच कळत नाही. पाकिटात ती उघडी पडते, आणि उघडणाऱ्याच्या मनात आलं तर 23,900 चं एक खोटं पाकीट मागून सरकवता येतं. म्हणून पाकिटावर आडवी सही करा, जमा करताना क्रमांकाची पावती घ्या, आणि सगळी पाकिटं सगळ्यांसमोर एकाच वेळी उघडून सर्व आकडे फळ्यावर लिहायला लावा. यंदाचा सर्वांत मोठा आकडा पुढच्या वर्षी किमान रक्कम म्हणून धरणार नाही, हेही ठरावात घ्यायला लावा. ते नसेल तर यंदा खरं लिहिणं पुढच्या वर्षी अंगाशी येतं. साटंलोटं मात्र या कशानेही थांबत नाही. सगळ्यांनी ठरवून ज्याची किंमत सर्वांत मोठी त्या एकाला खरा आकडा लिहू दिला आणि बाकीच्यांनी दहा-दहा हजार लिहिले, तर कुणालाच ठरलेलं मोडण्यात फायदा दिसत नाही.

आणखी एक, कारण ओळखीतल्या एकाने हेच गणित काजूच्या पावणीला लावायचं ठरवलं होतं. हुर्राक-फेणी गाळण्याच्या झोनची पावणी असते तेव्हा ‘माझा खरा आकडा’ असा वेगळा नसतो. यंदा बोंडं किती येतील, हे सगळ्यांनाच सारखं अंधारात असतं. तिथे सर्वांत मोठी बोली लावणारा बहुधा सर्वांत जास्त आशावादी असतो, म्हणून स्वतःचा अंदाज आधी खाली आणूनच आकडा लिहायचा. तोंडी पावणीत दुसरे कुठे गळतात त्यावरूनही अंदाज बदलत राहायचा.

दोन बोली सारख्या निघाल्या तर चिठ्ठी टाकायची, हे आमच्या नोटिशीत शेवटपर्यंत आलं नाही. तुमच्या सोसायटीची नोटीस निघण्याआधी तेवढं घालून घ्या. हरलेल्यांची अनामत किती दिवसांत परत मिळणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.